पेट्रिशिया आंटीच्या मेन्यूवरच्या शेंड्या

बोरीवलीच्या गावठाणात पेट्रिशिया आंटीचं खाण्याचं दुकान आहे, आणि त्या दुकानाच्या मेन्यूवर जवळजवळ एकही इंग्रजी ‘एस’ बोडका नव्हता. प्रत्येकाच्या डोक्याशी एक शेंडी. अपॉस्ट्रॉफी म्हणतात ना, तो वर लटकलेला स्वल्पविराम, तीच ती. कटलेट'स, पोटॅटो चॉप'स, एग'स, फुगिया'स. मेन्यू होता इंग्रजीत. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत उतरवलाय, शेंड्या मात्र जिथल्या तिथे ठेवल्यात. खालच्या दरपत्रकात तर किलो'स आणि पीस'स. आणि कहर म्हणजे, जिथे शेंडी खरोखर हवी होती तिथे, खुद्द दुकानाच्या नावात, ‘पेट्रिशियाज किचन’मध्ये, ती नव्हतीच. वर्षानुवर्षं लोक येऊन खात होते, बोटं चाटत होते, कुणाचं पोट काही बिघडलं नव्हतं.

बिघडत होतं ते एकट्या जेनिस मिसचं.

जेनिस मिस म्हणजे पेट्रिशिया आंटीची सख्खी मावसबहीण. दोघी एकाच बाकावर शिकल्या. पुढे एकीने चाळीस वर्षं कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकवलं आणि दुसरीने चाळीस वर्षं तिला चिडवलं. एका रविवारी मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या अंगणात, चारचौघांत मिस म्हणाल्या, “जिला शेंडी कुठे लावायची कळत नाही, ती मीठ कुठे घालते देव जाणे.” आंटीने ऐकलं, हसून घेतलं, दुकानात आली, मार्कर काढला आणि मेन्यूवरच्या पदार्थांत जे दोन-तीन ‘एस’ चुकून बोडके राहिले होते त्यांनाही शेंड्या काढून टाकल्या. जा, काय करायचं ते कर!

आता ह्या दोघींच्या भांडणात दिशा कशी अडकली ते सांगतो.

दिशाचं गावठाणाच्या तोंडाशीच दुकान. पाटीवर नाव ‘जानकी झेरॉक्स अँड डीटीपी’. जानकी म्हणजे तिची आई. आत एक कॉम्प्युटर, दोन मशिनं, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे बाबा, गुणाजी. गुणाजींनी पस्तीस वर्षं गिरगावातल्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवले होते. मराठी, गुजराती, इंग्रजी, सगळं जुळवलं. त्यातलं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं ते नव्हतंच. कोकणातून आले तेव्हा माशांची नावं माहीत होती, छापखान्यातून सुटले तेव्हा खिळ्यांचीही झाली होती. शेंडी हा शब्दही त्यांचाच. छापखान्यात त्या खिळ्याला तेच म्हणायचे, म्हणून दिशाही तेच म्हणायची.

दिशाला एक काम हवं होतं. चर्चच्या सणाची स्मरणिका. सव्वाशे पानं, सगळी इंग्रजीत, आणि ती गेली बावीस वर्षं जेनिस मिस काढत होत्या. अंधेरीचा चैतन्य म्हणून एक प्रिंटर ती छापायचा. गेल्या वर्षी तिच्यात इतक्या चुका निघाल्या की मिसनी भर मीटिंगमध्ये त्याला झाडला आणि काम काढून घेतलं. हे कळल्यावर दिशा धीर करून मिसच्या दारात गेली.

“इंग्लिशचं काम?” मिस म्हणाल्या. “तू मराठी मीडियमची ना गं?”

एवढंच. ना शिवी, ना ओरडा. पण दिशाच्या कानांपर्यंत रक्त चढलं. गावठाणातल्या अर्ध्या लोकांचे बायोडेटा तिनेच सुधारून दिले होते, ते कुणी बघितलं नव्हतं. कामाचे पैसे महत्त्वाचे होतेच, खोटं कशाला बोला, पण तिला आता ते वाक्य परत गिळायला लावायचं होतं. मिसना, मिसच्याच तोंडाने.

“तुम्ही परीक्षा घ्या,” ती म्हणाली.

मिसचे डोळे चमकले. जन्मभर परीक्षा घेतलेल्या बाईला आणखी काय हवं? “पेट्रिशियाचा मेन्यू,” त्या म्हणाल्या. “तो सुधारून दाखव. प्रूफ मी तपासणार. एकसुद्धा चूक नको. जमलं तर स्मरणिका तुझी.”

मेन्यू सुधारणं सोपं होतं. पेट्रिशिया आंटीला पटवणं म्हणजे मात्र दगडावर डोकं आपटणं.

“अगो, शेंड्या काढल्यास तर किती उघडंबोडकं दिसेल!” आंटी झारा हलवत म्हणाली. समोर कढईत फुगिया फुगत होत्या. फुगिया म्हणजे आंबवलेल्या पिठाचे मऊ लुसलुशीत गोळे, ख्रिस्ती घरात लग्नाला हटकून लागतात. “आणि त्या जेनिसला बरं वाटावं म्हणून मी माझा मेन्यू बदलू? मरून गेले तरी नाय!”

“आंटी, तिला बरं वाटावं म्हणून नाही. मला काम मिळावं म्हणून.”

आंटीने तिच्याकडे बघितलं. दिशाला तिने फ्रॉकातली असल्यापासून कटलेट खिलवले होते. “असं होय? मग आधी नाय का सांगायचं! बरं, पण मला समजाव. मी आंधळेपणाने काय करायची नाय. कुठली ठेवायची, कुठली उडवायची?”

दिशाने स्वतःपुरती एक युक्ती काढली होती. कुणी शिकवलेली नव्हे, स्वतःच घासून घासून सापडलेली. “मराठीत म्हणून बघायचं,” ती म्हणाली. “चा-ची-चे आलं तर शेंडी. नुसतेच खूप असतील तर नाही. कटलेट्स म्हणजे खूप कटलेट. कटलेटचं काही नाही. उडवा.”

“आणि माझं किचन?”

“पेट्रिशियाचं किचन. चं आलं. लावा.”

“अरेच्चा!” आंटी झारा ठेवून पुढे वाकली. “चिल्ड्रेन्स प्लेट?”

“मुलांची प्लेट. लावा. पण सीनियर सिटिझन्सची थाळी आहे ना, तिथे म्हातारे आधीच खूप आहेत, ‘एस’ आधीच आलाय. म्हणून शेंडी त्या ‘एस’च्या मागून. पुढून नाही.”

“म्हाताऱ्यांच्या मागून,” आंटीने लक्षात ठेवलं. “आणि हे? चिकन विथ इट'स ग्रेव्ही. चिकनची ग्रेव्ही. ची आलं! हे तरी माझं बरोबर!”

“तेच एक फसवं आहे. हिज, हर, इट्स, ह्यांच्या पोटातच चा-ची-चे असतं, त्यांना वरून शेंडी लागत नाही. तिथे लावली तर ‘इट इज ग्रेव्ही’ होतं. चिकन, सोबत ते ग्रेव्ही आहे.”

आंटी हसून हसून खोकायला लागली. “म्हणजे इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना काय काय वाचायला लावलं गं बाय! आणि एकानेही पैसे द्यायला नाय म्हटलं नाय!”

अशी ती पटली. दिशा दुकानात येऊन कॉम्प्युटरपुढे बसली. चाळीसच्या वर शेंड्या. एकेक कुठे शोधत बसायची? तिने डीटीपीवाले जे करतात तेच केलं: फाइंड अँड रिप्लेस. शेंडी शोध, जागी काही ठेवू नको, सगळीकडे कर. एक टिचकी, आणि अख्खा मेन्यू सफाचट. मग वरून खाली येत, जिथे चा-ची-चे होतं तिथे हाताने एकेक परत बसवली. पेट्रिशियाचं, मुलांची, म्हाताऱ्यांची, शेफची. झकास. प्रिंट काढली आणि शुक्रवारी सकाळी मिसच्या घरी पोचवली.

मिसनी कागद खिडकीजवळ नेला, लांब धरला, जवळ धरला, मान डोलावली. लाल पेन काढून खाली झोकात लिहिलं, ओके, एकही चूक नाही, आणि सही ठोकली. “शाब्बास,” म्हणाल्या. “सोमवारी ये, फाइल घेऊन जा.”

दिशा पायऱ्या उतरली ती दोन-दोन करत.

आता छापखान्याचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाने प्रूफवर सही केली की विषय संपला. मग त्यात ब्रह्मदेवाची चूक सापडली तरी प्रिंटरने हात लावायचा नाही. लावला तर जबाबदारी त्याची. दिशाने हा नियम एकदाच मोडला होता. एका लग्नपत्रिकेवर ‘डिमेलो’ शेंडीशिवाय लिहिलं होतं. तिला वाटलं, राहिली असेल बिचाऱ्यांची, आणि तिने सहीनंतर प्रेमाने बसवून दिली. तर ते कुटुंब तीन पिढ्या शेंडीशिवायच लिहीत आलेलं! काही डिमेलो शेंडीवाले, काही बिनशेंडीचे, आणि दोघांनाही एकमेकांत गणलेलं चालत नाही. तीनशे पत्रिका रद्दीत गेल्या. तेव्हापासून दिशाने कानाला खडा लावला होता.

पण गुणाजींचा स्वतःचा एक नियम होता, सहीच्याही पलीकडचा. काम मशिनवर चढायच्या आधी जुनी प्रत आणि नवं प्रूफ शेजारी ठेवायचं आणि खिळ्याला खिळा लावून बघायचा. वाचायचं नाही; वाचलं की माणूस स्वतःला हवं ते वाचतो. नुसतं बघायचं. शनिवारी सकाळी ते असेच दोन कागदांवर बोट फिरवत बसले होते. आंटी नव्या मेन्यूचं लॅमिनेशन किती वाजता मिळेल विचारायला आली होती, ती स्टुलावर बसून चहा पीत होती.

“दिशा,” गुणाजी म्हणाले. बोट कागदाच्या पार तळाशी थांबलं होतं. “हयसर दोन शेंडये होते. खय गेले?”

“बाबा, काढल्यात त्या. चुकीच्या होत्या.”

“एक पयल्या अक्षराच्या मागसून होती. तशी अख्ख्या मेन्यूत दुसरी नाय. ती वायली दिसता.”

दिशा उठून बघायला गेली. अगदी खालची, बारीक अक्षरातली ओळ. आंटीच्या दुकानात बाटलीचा मसालाही विकायला असायचा. उन्हाळ्यात घराघरातून भाजून-कांडून बाटल्यांत ठासतात तो. आंटीला स्वतःला तो करायला वेळ नसायचा, म्हणून दरवर्षी मावसबहिणीकडून घ्यायची. भांडण भांडणाच्या जागी, मसाला मसाल्याच्या जागी. जुन्या मेन्यूवर होतं: मिसेस जेनिस डि'मॉन्टे'ज बॉटल मसाला. तिच्या फाइंड अँड रिप्लेसने आडनावातली शेंडी कापली होती, आडनावाच्या मागची मालकीची कापली होती, आणि परत बसवताना ती ओळ तिच्या नजरेतूनच सुटली होती. नवीन प्रूफवर मिसचं नाव सफाचट झालं होतं. आणि त्याच्या बरोब्बर दोन बोटं खाली, लाल शाईत, एकही चूक नाही. सही: जेनिस डि'मॉन्टे. तीही घाईत, म्हणजे शेंडीचा नुसता ओरखडा.

आंटीने मान पुढे काढली. बघितलं. परत बघितलं. मग चहाचा कप खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडून छतापलीकडच्या येशूकडे बघितलं. “थँक यू, जेजू!” ती म्हणाली. “चाळीस वर्षं वाट बघितली!”

“आंटी...”

“तिने स्वतःचं नाव चुकीचं पास केलंय! लाल पेनने! छाप! जश्शाच्या तसं छाप! दोन कॉप्या जास्त काढ, एक चर्चच्या दारावर लावते!”

“आंटी, चूक माझी आहे.”

“तुझी कशी? सही तिची. तूच सांगतेस ना, सही झाली की विषय संपला?”

हीच तर गोची होती. छापलं तर नियमाने दिशा सुटत होती, पण मिसची गावभर शोभा होणार, आणि मग कसली स्मरणिका! मिसना सांगावं तर स्वतःच्याच तोंडाने म्हणायचं की प्रूफमध्ये चूक होती. ‘एकसुद्धा नको’ असं ठरलं होतं. परीक्षा तिथेच नापास. गुपचूप शेंड्या बसवून छापावं तर मिसना कळणारही नाही, काम हातात. पण ती लग्नपत्रिका! मिस शेंडीवाल्या की बिनशेंडीच्या, हे सांगणार कोण? जुना मेन्यू? तो आंटीने लिहिलेला. आंटीने तर देवालाही शेंडी लावली असती. सहीतला ओरखडा? तो काहीही असू शकतो.

“बाबा, काय करू?”

“इचार,” गुणाजी म्हणाले. “जेचा नाव तेका इचार. माका दुसरा काय कळणा नाय.”

दिशाने त्याच फाइलीची साधी प्रत काढली आणि निघाली. सही केलेलं प्रूफ आंटीने केव्हाच पर्समध्ये कोंबलं होतं. मागून आंटी ओरडत होती, “नको जाऊस गं वेडे! मजा घालवू नकोस!”

मिसच्या दारावर पितळी पाटी होती. दिशा आजवर त्या दारात दोनदा उभी राहिली होती, पण घाबरून, चपलांकडे बघत. आज नीट बघितलं. शेंडी होती. चांगली ठसठशीत, पितळेची, घासून चकचकीत केलेली. एक प्रश्न सुटला. आता परत फिरावं, गुपचूप बसवावी, छापून मोकळं व्हावं? मनात आलं बरं का. चांगलं दोन मिनिटं ती तिथे उभी होती. पण बेल दाबली गेली, आणि मिसनी दार उघडलं.

“मिस,” दिशा एका दमात म्हणाली, “कालच्या प्रूफमध्ये चूक राहिली होती. माझ्याकडून. तुमच्या आडनावाची शेंडी उडाली होती, आणि ‘एस’च्या आधीचीसुद्धा. मसाल्याच्या ओळीत.”

मिस खुर्चीत बसल्या. चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी हललं, मग एकदम सावरल्या. शिक्षिका ती शिक्षिका.

“हो ना,” त्या म्हणाल्या. “मला दिसली होती ती. मुद्दाम सोडली. बघायचं होतं, तू स्वतःहून येतेस की नाही. परीक्षा होती ती. पास झालीस.”

बाप रे! सुटली की! दिशाचा जीव भांड्यात पडला. मिसची अब्रू शाबूत, स्मरणिका हातात, सगळं गोडीगुलाबीने. शहाण्या मुलीने थँक यू म्हणून पाय काढला असता.

पण दिशाने बघितलं की मिसनी तिच्या हातातला कागद मागितलासुद्धा नव्हता. काल तो कागद खिडकीत लांब-जवळ करताना त्यांचे डोळे कसे किलकिले झाले होते, तेही आठवलं. आणि मराठी मीडियमची मुलगी होती हो ती. वर्गात मागच्या बाकावर बसून मास्तरांना कसं पकडायचं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“आणि मिस, ती दुसरी?” ती भोळेपणाने म्हणाली. “सीनियर सिटिझन्सच्या ओळीतली? मला तीही सापडली. तीसुद्धा मुद्दामच ना?”

“अर्थात,” मिस म्हणाल्या. “दोन्ही.”

 बाहेर कुणाचा तरी कोंबडा अवेळीच आरवला.

“मिस,” ती हळूच म्हणाली, “सीनियर सिटिझन्सच्या ओळीत चूक नव्हती. ती बरोबर होती.”

मिस ताठ बसून राहिल्या. आता आपल्याला हाकलून देणार, दिशाला वाटलं. कशाला बोलले, काय गरज होती, गप्प बसायला काय झालं होतं! जिंकलेला डाव स्वतः उधळला. वाट लागली.

“बस,” मिस म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. “उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. डाव्याने मोठी अक्षरं दिसतात, बारीक नाही. मधोमध डाग येतो. डॉक्टर म्हणतो, चष्म्याने होणार नाही. दीड वर्ष झालं.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “कुणाला सांगितलं तर स्मरणिका काढून घेतील गं. मग मी काय करू? सकाळी उठून काय करू?”

 दिशाला मिसचा रागही आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम; आणि तेवढ्यात तिने मनात हिशोब मांडला. दीड वर्ष. म्हणजे गेल्या वर्षीची स्मरणिका त्यातच आली.

विचारू नये, हे तिला कळत होतं. विचारलं तर आपल्याच पायावर धोंडा. तरी तोंडातून गेलंच.

“गेल्या वर्षीची प्रूफं चैतन्यने तुम्हाला दाखवली होती?”

“पानोपान,” मिस म्हणाल्या. “सगळ्यांवर माझी सही आहे. त्याने मीटिंगमध्ये ती बाहेर काढली नाहीत. मी त्याला बोलत होते आणि तो मुकाट ऐकून घेत होता. वाटलं, घाबरला.”

म्हणजे चुका मिसच्या नजरेतून सुटल्या होत्या, आणि बोलणी चैतन्यने खाल्ली होती. आणि नेमक्या त्याच वेळी, बेल न वाजवता, धाडकन दार ढकलून पेट्रिशिया आंटी आत आली. एका हातात गरम फुगियांची पिशवी, दुसऱ्या हातात ते सही केलेलं प्रूफ, झेंड्यासारखं उंच धरलेलं. तिला राहवलं नव्हतं. चाळीस वर्षांचा विजय असा दुकानात बसून साजरा करता येत नाही. समोरच्याचं तोंड बघावं लागतं.

“काय गं मास्तरीणबाय!” आंटी गरजली. “मीठ कुठे घालते विचारत होतीस ना? आधी तुझी शेंडी...”

आणि तिथेच थांबली. तिने जेनिसचा चेहरा बघितला. त्या चेहऱ्याला ती बाकावर शेजारी बसल्यापासून ओळखत होती. चिडलेला, तोऱ्यातला, नाक उडवलेला, सगळे प्रकार पाठ होते. हा त्यातला नव्हता.

“काय झालं?” तिने दिशाला विचारलं. 

“मला दिसत नाही, पेट्रिशिया,” मिस म्हणाल्या. “त्या कागदावर काय लिहिलंय ते मला दिसलंच नाही. लाव चर्चच्या दारावर. खुशाल लाव.”

आंटी उभीच राहिली. हात अजून वर होता, तो खाली घ्यायचं तिला सुचत नव्हतं. मग ती टेबलापाशी आली, प्रूफ टेबलावर पसरलं, पिशवी त्यावर उपडी केली. गरम फुगिया कागदावर घरंगळल्या. तेलाचे डाग पसरत गेले. आधी मसाल्याची ओळ गेली, मग ओके, मग सही.

“खा,” ती म्हणाली. “गार होतील. सुक्काळीच्ये, दीड-दीड वर्ष सांगितलं नाय होय मला? मी काय मेले होते?” आणि खुर्ची ओढून शेजारी बसून डोळे पुसायला लागली, त्याच तेलकट हातांनी, त्यामुळे ते आणखीच चुरचुरायला लागले.

मिसनी एक फुगिया चाचपून उचलली, अर्धी खाल्ली. “मीठ जास्त आहे,” त्या म्हणाल्या.

“गप बस आणि खा.”

दिशाला वाटलं, आता आपण निघावं. ती उठली तशी मिस म्हणाल्या, “तू कुठे चाललीस? चैतन्यचा नंबर आहे का तुझ्याकडे?”

होता. धंद्यातल्या सगळ्यांचे नंबर असतात.

“लाव. मी बोलते. त्याचं काम त्याला परत देणार आहे मी,” मिस म्हणाल्या, म्हणजे दिशाच्या हातातलं काम गेलं. पण ते बरोबर होतं, आणि बरोबर आहे हे तिलाच सगळ्यांत आधी कळलं होतं. तिने नंबर शोधून फोन पुढे केला.

मिसनी फोन घेतला नाही. “थांब, माझं झालेलं नाही. छापेल तो. पण सव्वाशे पानांची एकेक ओळ मला वाचून कोण दाखवणार? आणि मला फसवून पकडायची अक्कल दुसऱ्या कुणाला आहे?” तेलाचा हात रुमालाला पुसत त्या म्हणाल्या, “पहिल्या पानावर माझ्या नावाच्या खाली नाव जाईल. इंग्रजी मुद्रितशोधन: दिशा... पुढे काय गं तुझं?”

दिशाने आडनाव सांगितलं. 

“स्पेलिंग सांग,” मिस म्हणाल्या. “सावकाश. मला चूक नकोय.”